भाव खरा, कारण आमचं

माझे भावोजी पैशाच्या बाबतीत अगदीच मूर्ख निघाले, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. ताई तसं उघड बोलून दाखवायची, बाकीचे मान हलवायचे. भावोजी आता नाहीत. त्यांच्याबद्दलचं हे मत ज्या लेखामुळे पक्कं झालं तो मी लिहिला होता. तो कसा लिहिला गेला हे सांगणारा माणूस आता मीच उरलो आहे, आणि माझंही वय झालं.

बडोद्यातल्या एका गुजराती दैनिकात मी बाजाराचं पान सांभाळत असे. आमच्या घराण्यात हे जरा कमीपणाचंच होतं. वडील जुन्या संस्थानी हिशेबखात्यातले, दोन चुलतभाऊ युनिव्हर्सिटीत प्राध्यापक, तिसरा वकील. मी सायन्सला नापास झालो आणि एका मित्राच्या ओळखीनं पेपरात चिकटलो. पाहुण्यांशी ओळख करून देताना काका म्हणायचे, "आणि हा आमचा छाप्यात असतो." छापुं म्हणजे वर्तमानपत्र, पण काकांच्या तोंडून तो शब्द छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यासारखा ऐकू यायचा. मी घरी मराठी बोलायचो, ऑफिसात गुजराती लिहायचो, आणि दोन्हीकडे थोडा परकाच होतो.

मग माझ्याकडे सोन्याचा मजकूर आला. पानाच्या उजव्या बाजूला रोज दोन कॉलमी बातमी: आज सोनं किती, चांदी किती, कालपेक्षा वाढलं की घटलं, आणि का. त्या शेवटच्या एका अक्षरानं माझी घरातली किंमत बदलली. प्राध्यापक चुलतभाऊसुद्धा लग्नकार्यात मला बाजूला घेऊन विचारू लागला, "काय रे, आणखी उतरेल का? थांबू का जरा?"

ती बातमी बनायची कशी ते सांगतो. संध्याकाळी मी लहरीपुऱ्यातल्या एका जुन्या चोकशींना फोन करायचो. सोन्याचांदीचा व्यापार करणारं त्यांचं घराणं होतं. मी त्यांना शेठ म्हणायचो. शेठ भाव सांगायचे. तो भाव खरा असायचा, त्यात मी कधी एका रुपयाचीही चूक केली नाही. मग मी विचारायचो, "शेठ, कारण?"

"अरे साहेब, भाव लखी लो ने! कारण तमे गोती लेजो," शेठ म्हणायचे. भाव लिहून घ्या, कारण तुम्ही शोधा. वर हसायचे, "पेपर तमारो छे के मारो?"

कारण मला शोधावंच लागायचं. एकदा मी नुसता भाव देऊन पान सोडलं, तर आमच्या मुख्य उपसंपादकांनी बोलावून सुनावलं, "आकडा तर दुकानाच्या पाटीवरही असतो. तो का बदलला ते सांगायला वाचक आपल्याला पैसे देतो." तेव्हापासून मी रोज कारण देऊ लागलो. माझ्याकडे दहा-बारा कारणं होती. लग्नसराई, परदेशातली तेजी, डॉलर, तेल, युद्धाची भीती, युद्ध टळल्याचा दिलासा, नफावसुली, सणाची मागणी, श्राद्धपक्षातला थंडावा. भाव वर गेला की एक वापरायचं, खाली आला की दुसरं. काही कारणं दोन्हीकडे चालत. पाऊस चांगला झाला आणि सोनं वाढलं, तर मी लिहायचो, चांगल्या पावसामुळे ग्रामीण मागणी वाढण्याची आशा. पाऊस चांगला झाला आणि सोनं घटलं, तर लिहायचो, पेरणीत पैसा गुंतल्यामुळे ग्रामीण मागणी रोडावली. दोन्ही वाक्यं एकाच आठवड्यात छापून आल्याचं मला आठवतं. एकाही वाचकानं पत्र लिहून विचारलं नाही.

त्यात एक साधी गोष्ट मी कायम झाकून ठेवली. बडोद्यात सोनं महाग होतं ते बडोद्यातल्या लग्नांमुळे, असं फारसं नसतं. सोनं बाहेरून येतं. जगाच्या बाजारात त्याचा डॉलरमधला भाव, डॉलरसाठी द्यावे लागणारे रुपये आणि सरकारची आयातजकात, एवढ्यातच आपल्या भावाचा बहुतेक हिशेब संपतो. इथली मागणी जास्त असली तर व्यापारी वर थोडं अधिमूल्य लावतो, कमी असली तर थोडी सूट देतो, आणि ती रक्कम मूळ भावापुढे लहान असते. जगाच्या बाजारात सोनं आज थोडं वर किंवा खाली का गेलं, हे बहुतेक दिवशी कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. असंख्य माणसं आपापल्या गरजेनं विकतात आणि घेतात. रोजची छोटी हालचाल होतच राहते. पण 'सोनं थोडं घटलं, कारण माहीत नाही' असं शीर्षक मी अख्ख्या नोकरीत एकदाही दिलं नाही.

इंग्रजी वृत्तसंस्थेची कॉपी यायची तिच्यातही कारण असायचंच. एकदा दुपारी कॉपी आली: अमेरिकेतल्या बेकारीच्या आकड्यांमुळे सोनं वधारलं. संध्याकाळी शेठनी सांगितलं, भाव फिरला, कालच्याही खाली आहे. मी बेकारीचे आकडे तेच ठेवले आणि 'वधारलं'चं 'घसरलं' केलं. वाक्य तसंच्या तसं नीट बसलं. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. शेजारच्या टेबलावर दाखवून आम्ही हसलो होतो.

सगळ्यात विचित्र प्रकार शेठचा होता. ते सकाळी माझा पेपर वाचत. गिऱ्हाईक विचारायचं, आज का वाढलं, तर ते मी लिहिलेलं कारण सांगायचे. गिऱ्हाईक ते घरी सांगायचं, शेजारी सांगायचं. दोन दिवसांनी मी शेठना फोनवर विचारलं की ते म्हणत, "बजारमां तो एवुं बोलाय छे के..." बाजारात असं बोललं जातंय. पुढे माझंच वाक्य. मी ते परत लिहून घ्यायचो आणि छापायचो: बाजारातील जाणकारांच्या मते.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. भावोजी रिफायनरीतून निवृत्त झाले होते आणि मांजलपूरला सोसायटीत त्यांचं घर होतं. मी निजामपुऱ्यात राहायचो. दर रविवारी सकाळी स्कूटरवरून शहर ओलांडून त्यांच्याकडे जायचो. मी आत पाऊल टाकलं की हिंचक्यावरून भावोजींची आरोळी यायची, "या संपादक! सोनं काय म्हणतंय?" मी संपादक नव्हतो, कधी होणारही नव्हतो. ती थट्टा होती हे दोघांनाही ठाऊक होतं. पण मला ती आवडायची. सबंध नात्यात माझा लेख नियमानं वाचणारा आणि त्यावर नीट प्रश्न विचारणारा तो एकच माणूस होता.

भावोजी काटेकोर होते. प्लांटमध्ये त्यांनी आयुष्यभर दाब आणि तापमानाचे आकडे पाहिले. तिथे काटा हलला की त्याला कारण असे, आणि ते शोधल्याशिवाय शिफ्ट सोडता येत नसे. तोच स्वभाव घेऊन ते माझी बातमी वाचायचे. ते म्हणायचे, "तुमच्या लेखाचा मला फायदा असा की कारण कळतं. कारण कळलं की पुढचं सांगता येतं." त्या वेळी मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी भाकरवडीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "तसं थोडंफार सांगता येतं."

सोन्याचे वायदे घरबसल्या करता येऊ लागले तेव्हा त्यांनी एका दलालाकडे खातं उघडलं. वायद्यात सोनं हातात येत नाही. पुढच्या तारखेच्या भावानं एक लॉट, म्हणजे ठरलेलं वजन, घ्यायचा, त्याच्या किमतीचा लहान हिस्सा तारण म्हणून भरायचा. भाव वाढला तर पूर्ण लॉटचा फायदा तुमचा, पडला तर पूर्ण लॉटचा तोटाही तुमचा, आणि तो रोजच्या रोज भरून द्यायचा. नाही भरला तर दलाल सौदा कापून टाकतो. पहिली काही वर्षं सोनं एकसारखं चढत होतं. भावोजींना फायदा झाला, ताईला नवीन फ्रिज आला. ते जेवताना मला म्हणायचे, "संपादक, यातला निम्मा वाटा तुमचा." ताई म्हणायची, "मग घ्या की त्याला एक शर्ट." आम्ही हसायचो.

सोनं वाढत होतं म्हणून ते फायद्यात होते. माझ्या कारणांनी त्यात काही भर घातली नव्हती. पण त्यांना वाटलं माझ्यामुळे, आणि मी ते वाटू दिलं.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर सोनं एका दिवसात नेहमीपेक्षा बरंच उतरलं. शेठनी भाव सांगितला आणि म्हणाले, "साहेब, आजे तो कंई समजातुं नथी." काही समजत नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. मी बातमी लिहिली. कारण म्हणून 'नफावसुली' घातलं. नफावसुली म्हणजे आधी स्वस्तात घेतलेल्यांनी विकून नफा काढला. दुसरं काही सुचलं नाही की हा शब्द कामी यायचा. कुणी विकल्याशिवाय भाव पडत नाही, आणि विकणाऱ्यानं सोनं कधी आणि किती भावात घेतलं होतं हे तपासायला कुणी जात नाही.

शीर्षक दोन ओळींचं होतं. पान लावणाऱ्या ऑपरेटरनं काचेपलीकडून हाक मारली, "साहेब, बीजी लाइन टूंकी पडे छे. एक शब्द आपो ने." दुसरी ओळ आखूड पडत होती, बाजूला पांढरी जागा दिसत होती. मी खुर्चीवरून न उठता म्हणालो, "तात्पुरती टाक." शीर्षक झालं: नफावसुलीमुळे सोन्यात तात्पुरती घसरण. ओळ भरली. मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजींनी आणखी लॉट घेतले. घसरण तात्पुरती असेल तर ही स्वस्तात घ्यायची वेळ, हा त्यांचा हिशेब सरळ होता. त्यांच्या हातात जी माहिती होती तिच्यावरून तो चुकीचाही नव्हता. ती माहिती म्हणजे मी जागा भरायला टाकलेला शब्द होता.

सोनं पुढे आणखी पडलं. इतकं झपाट्यानं पडलं की दुकानांबाहेर रांगा लागल्या, स्वस्त झालं म्हणून घेणाऱ्यांच्या. दलालाच्या ऑफिसातून भावोजींना रोज फोन येऊ लागला: तारण कमी पडतंय, भरा. त्यांनी एक ठेव मोडून भरले. मग दुसरी मोडली. शेवटी ताईनं कपाट उघडलं.

मला त्यांनी बरोबर नेलं, कारण शेठ माझ्या ओळखीचे. दुकानाबाहेर रांग होती. शेठनी आम्हाला बाजूच्या दारानं आत घेतलं, पाणी दिलं. ताईनं पिशवीतून पाटल्या आणि गोठ काढले. ते आमच्या आईचे होते. कॅरेट मशीनमध्ये ठेवून शेठच्या मुलानं शुद्धता पाहिली, गोठांच्या आतली लाख काढल्यावर पडणारं वजन समजावून सांगितलं. भाव त्या दिवशीचा, म्हणजे पडलेला. बाहेरचे लोक नवं सोनं घ्यायला उभे होते आणि आम्ही घरातलं सोनं विकत होतो, कागदावरचं सोनं वाचवायला.

ताईचा हात पाटल्यांवर होता. तिनं शेठना विचारलं, "शेठ, अजून खाली जाईल का?"

"ना रे बेन," शेठ दिलासा देत म्हणाले, "नफावसूली छे. टेम्पररी छे. बे दिवसनी वात." आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "आ साहेबने पूछो ने, ए तो बधुं जाणे." यांना विचारा, यांना सगळं माहीत असतं.

ताई माझ्याकडे वळली. "काय रे?"

भावोजीही बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी पूर्ण विश्वास होता. मी तेव्हा एक वाक्य बोलू शकलो असतो: मला माहीत नाही, आणि शेठ जे म्हणताहेत ते माझंच आहे. तेवढ्यानं ताईनं हात मागे घेतला असता. सौदे तिथेच तोडले असते, आहे तो तोटा सोसला असता आणि पाटल्या घरी आल्या असत्या. पण मग मी कोण उरलो असतो? मी म्हणालो, "बाजारात तरी असंच म्हणतात."

ताईनं हात काढला.

ते पैसेही तारणात गेले आणि काही दिवसांत पुरे पडेनासे झाले. भावोजींना आणखी भरता आले नाहीत. दलालानं सौदे कापले. निवृत्तीच्या पैशांतला मोठा भाग गेला. घर राहिलं, पेन्शन होती, कुणी रस्त्यावर आलं नाही. हे मी यासाठी सांगतो की कुणाला वाटू नये मी दुःख वाढवून लिहितो आहे. भावोजींची चूकही होती. त्यांनी झेपणार नाही एवढा सौदा केला होता, आणि कारण कितीही पक्कं वाटलं तरी तो तेवढा मोठा करायला नको होता. पण ती चूक हिमतीची होती, अकलेची नव्हती. ते मूर्ख नव्हते.

मूर्ख ठरले ते पुढच्या रविवारच्या पुरवणीत.

मुख्य उपसंपादक म्हणाले, मोठा लेख द्या, सोनं का कोसळलं. मी बसलो आणि एका दुपारीत लिहिला. शीर्षक होतं: सोनं का कोसळलं, खुणा आधीच दिसत होत्या. अमेरिकेची अर्थव्यवस्था सुधारत होती. मोठे परदेशी फंड सोन्यातून बाहेर पडत होते. एक लहान देश आपलं सोनं विकणार अशी वदंता होती. जकात वाढल्यानं इथली मागणी थंड होती. शेअरबाजार चढत होता. क्रम लावून लिहिलं, एकातून दुसरं निघतं असं. वाचताना असं वाटे की कोसळल्याशिवाय सोन्याला दुसरी वाटच नव्हती. त्यातली एकही वस्तुस्थिती खोटी नव्हती. पण त्यांतल्या बहुतेक गोष्टी कित्येक महिन्यांपासून सगळ्यांना माहीत होत्या. त्या माहीत असताना सोनं वाढलंही होतं, आणि तेव्हा मी त्यांच्याबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता. जी गोष्ट दोन्ही वेळा हजर होती, ती एकाच वेळेचं कारण कशी? हा प्रश्न मला लिहिताना पडला होता. मी पुढचा परिच्छेद घेतला.

त्या रविवारी मी नेहमीसारखा मांजलपूरला गेलो. आरोळी आली नाही. भावोजी हिंचक्यावर पुरवणी घेऊन बसले होते. चष्मा काढून म्हणाले, "संपादक, हे सगळं समोर होतं तर मला कसं दिसलं नाही?"

थट्टेचा सूर नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. प्लांटमध्ये काही फुटलं तर मागचे आकडे काढून बघतात, कोणत्या वेळी कोणता काटा हलला आणि कोणाच्या नजरेतून निसटला, तसं ते स्वतःला तपासत होते.

"जाऊ द्या भावोजी," मी म्हणालो. "झालं ते झालं."

"नाही, पण मी वाचत होतो की. रोज वाचत होतो."

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या मनगटांवर काचेच्या दोन-दोन बांगड्या होत्या. "रोज वाचून काय उपयोग? हा बघा, सगळं लिहून देतोय. खुणा दिसत होत्या म्हणे. डोळे हवेत ना बघायला! माझ्या आईच्या पाटल्या घालवल्या यांनी."

भावोजींनी पुरवणीची घडी घातली. मी चहा प्यायलो आणि निघालो.

त्यानंतर ताईला तेच हत्यार मिळालं. भाजीच्या भावावरून बोलणं निघालं तरी ती तिथे पोचायची. "पेपरात स्पष्ट होतं, पण आमच्याकडे कळायला हवं ना!" पाहुण्यांसमोर म्हणायची, आपल्या मुलासमोर म्हणायची. चुलतभावांनी ते उचललं. भावोजींनी पेपर बंद केला. आधी फक्त बाजाराचं पान वाचत नसत, मग सगळाच. मला संपादक म्हणणंही सुटलं. नुसतं "ये, बस" म्हणत. मधल्या काळात मी निवृत्त झालो. दर रविवारी ताई ते वाक्य म्हणायची, दर रविवारी मी ऐकायचो.

काही वर्षांनी ते हृदयविकारानं गेले. त्या तोट्यामुळे गेले, असं म्हणणारे होते. मी तसं म्हणणार नाही. त्यांना मधुमेह होता, वय होतं, त्यांचे वडीलही तसेच गेले होते. घटना झाल्यावर तिला हवं ते कारण चिकटवायचं काम मी आयुष्यभर केलं, आता त्यांच्या मरणाला तरी करणार नाही. पण ते स्वतःला बिनडोक समजत गेले, हे मला नक्की माहीत आहे. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

अलीकडे सोनं पुन्हा फार वाढलं. रोज पहिल्या पानावर येतं. परवा ताईकडे गेलो तर ती भिंग घेऊन पेपर वाचत होती. मोठ्यानं वाचून दाखवलं, अमुक देशातल्या तणावामुळे सोनं उच्चांकावर. मग भिंग ठेवून म्हणाली, "बघ, किती सोपं करून सांगतात. आणि आमच्या घरात असा माणूस होता की रोज समोर लिहिलेलं असून—"

"ताई, थांब," मी म्हणालो. "त्या लेखातलं आधी कुणालाच दिसत नव्हतं."

"कुठल्या लेखातलं?"

"माझ्या. खुणा दिसत होत्या, तो. सोनं पडल्यावर मी बसून खुणा शोधल्या. वाढलं असतं तर त्याच दुपारी वाढण्याच्या खुणा शोधल्या असत्या."

तिला पटकन कळलं नाही. "म्हणजे खोटं लिहिलंस?"

"एकेक वाक्य खरं होतं. 'त्यामुळेच सोनं पडलं' आणि 'ते आधी कळण्यासारखं होतं', एवढं मी जोडलं. मलाही कळलं नव्हतं. मला कळलं असतं तर मी त्याआधी तात्पुरती घसरण म्हणून छापलं असतं का?"

ताईची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. "दुकानात मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालास, बाजारात असंच म्हणतात."

"हो."

"बाजारात म्हणजे कोण म्हणत होतं?"

"मीच. शेठ माझी बातमी वाचून बोलत होते. आणि ते तात्पुरती, ते ओळ भरत नव्हती म्हणून टाकलं होतं."

तिनं पेपर घडी करायला घेतला. घडी नीट होईना. मी पुढे झालो तर तिनं माझा हात बाजूला केला.

"पाटल्यांचं जाऊ दे," ती म्हणाली. "पाटल्या काय, गेल्या. मी त्यांना दवाखान्यातसुद्धा ऐकवलं. नळ्या होत्या नाकात. मी म्हटलं, तेव्हा अक्कल चालवली असती तर आज बरं इस्पितळ परवडलं असतं. तू तिथेच होतास. खुर्चीवर. होतास ना?"

मी होतो.

"तेव्हा तरी बोलायचंस."

ती उठून देवघरापर्यंत गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. मग तिनं विचारलं, "मग पडलं कशानं?"

"माहीत नाही ताई."

"म्हणजे काहीच कारण नव्हतं?"

"असतील. पुष्कळ असतील. कोणतं किती, ते त्या दिवशी कुणाला माहीत नव्हतं. आजही छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही."

"असं कसं? एवढं आमचं गेलं, आणि कशानं ते माहीत नाही?"

तिनं मला जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. मी थोड्या वेळानं चपला घातल्या. आता मी तिच्याकडे रिक्षानं जातो, स्कूटर झेपत नाही. परतताना मला वाटलं होतं की हलकं वाटेल. वाटलं नाही. तिच्यावरचं ओझं मात्र मी वाढवून आलो होतो. इतकी वर्षं तिच्याकडे निदान एक चिडायला माणूस होता.

मुलाला तिनं फोन करून सांगितलं. त्यानं मला फोन केला, सभ्यपणे बोलला, म्हणाला, "मामा, बाबांना हे कळायला हवं होतं."

तेव्हापासून ताई मला एक दिवसाआड फोन करते. माझ्या तब्येतीचं विचारत नाही, स्वतःचंही सांगत नाही. सरळ विचारते, "आठवलं का काही? कशानं पडलं होतं?"

तिला एक उत्तर हवं आहे. ते मिळालं तर ती रात्री झोपेल, हे मला कळतं. असं उत्तर देणं मला अजून जमतं. विचारायच्या आत चार-पाच तयार होतात, एकापेक्षा एक पटणारी, आणि त्यांतलं कुठलंही ती मान्य करेल.

"नाही ताई," मी म्हणतो. "माहीत नाही."

ती फोन ठेवत नाही. मीही ठेवत नाही. तिकडून तिचा श्वास ऐकू येत राहतो.